उक्कू, मूस आणि जौहर : दख्खनच्या पोलादाची गोष्ट

आज आपण एका पोलादाबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात त्याच्या नावांपासून करू. आपण मराठीत 'पोलाद' म्हणतो तो शब्द फारसीतून आला. इंग्रजी पुस्तकांत याच पोलादाच्या एका खास प्रकाराला 'वूट्झ' म्हणतात. हा शब्द कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कू'वरून, म्हणजे त्यांच्याकडच्या पोलादाच्या नावावरूनच बिघडत बनला, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. आणि या पोलादाच्या तलवारी जगात ओळखल्या गेल्या त्या सीरियातल्या एका शहराच्या नावानं, 'दमास्कसच्या तलवारी' म्हणून. म्हणजे बघा, माल दक्षिण भारताचा, काम बरंचसं इराणी लोहाराचं आणि नाव दमास्कसचं.

ही नावांची गंमत मुद्दाम आधी सांगितली, कारण आजच्या विषयाची किल्ली तिच्यातच आहे. ही तलवार कुणा एका माणसानं, एका गावात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवली असं सहसा होत नव्हतं. लोखंड गाळणारा वेगळा, मुशीत पोलाद करणारा वेगळा आणि त्याची तलवार घडवणारा हजार-दोन हजार मैलांवरचा तिसराच. या तिघांच्या कामाची साखळी नीट जुळली तरच त्या तलवारीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटायची. आपल्याला पाहायचं आहे ते हेच : प्रत्येक कडीत नेमकं काय घडत होतं, आणि ही साखळी तुटल्यावर युरोपातले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ हातात पोलाद असूनही का अडले.

मुंबईहून गेलेला नमुना

१७९४ सालची गोष्ट. मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा एक डॉक्टर होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला. त्यानं या पोलादाचे काही नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची रासायनिक तपासणी करून सोसायटीपुढे निबंध वाचला. त्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत तयार होणारं' असं म्हटलंय. ते अर्थातच बरोबर नव्हतं. मुंबई हे फक्त बंदर होतं, माल आतून यायचा. पण युरोपच्या विज्ञानात या पोलादाचा प्रवेश झाला तो असा मुंबईमार्गे.

स्कॉटनं सोबत जे लिहून पाठवलं ते फार महत्त्वाचं आहे. त्याचा सारांश असा : हे पोलाद अतिशय कठीण होऊ शकतं. पण भट्टीत तापवताना ते अगदी हलक्या लाल तावापलीकडे टिकत नाही. त्यामुळे ते घडवणं लोहाराला फार कंटाळवाणं होतं. ताव थोडा जास्त झाला की त्याचा काही भाग जणू वितळून वाहू लागतो आणि सगळा तुकडा वाया जातो. दुसऱ्या लोखंडाशी ते तावून जोडताही येत नाही.

हे वाक्य आपण लक्षात ठेवू, 'हलक्या लाल तावापलीकडे टिकत नाही'. युरोपातला लोहार पिढ्यान्पिढ्या लोखंड पिवळ्या-पांढऱ्या तावावर ठोकत आला होता. त्या तावावर लोखंड मेणासारखं मऊ असतं. तीच सवय घेऊन तो या पोलादाकडे गेला आणि घणाच्या पहिल्या-दुसऱ्या घावातच त्याच्या ऐरणीवर चुरा पडला. असं का व्हायचं ते कळण्यासाठी आपल्याला आधी मुशीकडे जायला हवं.

मुशीत काय भरायचं?

मूस म्हणजे काय ते सोनाराकडे आपण पाहिलेलं असतं. इथली मूसही तशीच, मातीचं एक छोटं उभट भांडं. फरक एवढाच की सोनं साधारण १०६४ अंश सेल्सियसला वितळतं आणि शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. कोळशाची भट्टी आणि कातड्याचे भाते एवढ्यावर १५३८ अंश गाठणं जवळजवळ अशक्यच. मग लोखंड वितळायचं कसं?

उत्तर कार्बनमध्ये आहे. लोखंडात कार्बन मुरला की त्याचा वितळबिंदू उतरतो. शंभर भाग लोखंडात दीड भाग कार्बन मुरला तर ते सुमारे शंभर अंश आधीच पूर्ण वितळतं, आणि तेवढा ताव भात्यांच्या जोरावर कसाबसा गाठता येतो. म्हणजे लोखंड आधी तापून मग त्यात कार्बन मिसळला असं झालं नाही. कार्बन मुरत गेला म्हणून ते वितळलं.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. जे. एम. हीथ नावाचा इंग्रज मद्रास इलाख्यात नोकरीला होता. पुढे त्यानं तिकडे लोखंडाचा कारखानाही काढला. त्यानं सेलम भागातली पद्धत जवळून पाहिली आणि तिचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार काम असं चालायचं.

आधी लहान भट्टीत खनिजापासून घडीव लोखंड काढायचं. हे लोखंड वितळलेलं नसतं, गोळा होऊन आलेलं असतं, आणि त्यात मळी अडकलेली असते. ते ठोकून त्याचे लहान तुकडे करायचे. हे तुकडे मुशीत दाबून भरायचे, साधारण पाव किलोपासून एक किलोच्या आत-बाहेर. त्यात लोखंडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं वाळलेलं लाकूड बारीक चिरून टाकायचं. हे लाकूड कोणतं? तर तरवडाचं. होय, माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा आपला तरवडच. त्याच्या वर रुईचं किंवा एका वेलीचं एखादं-दोन हिरवं पान ठेवायचं. मग मुशीचं तोंड मळलेल्या मातीनं घट्ट ठोकून बंद करायचं. अशा वीस-चोवीस मुशी वाळल्या की त्या भट्टीत कमानीसारख्या एकमेकींना टेकवून रचायच्या, वर कोळसा लोटायचा आणि सुमारे अडीच तास भाते चालवायचे. सेलमच्या वर्णनात एवढीच वेळ दिली आहे. नंतर मुशी थंड करून फोडायच्या. आत तळाशी पोलादाची लगड बसलेली असते.

मैसूर भागात फिरलेल्या फ्रान्सिस बुकानन यांनीही त्याआधी जवळजवळ हीच कृती लिहून ठेवली आहे, आणि तिथेही लाकूड तरवडाचंच आहे. तेव्हा अनेकांना वाटलं की या विशिष्ट झाडातच काही जादू आहे. आपण थोडा हिशोब करून पाहू.

समजा मुशीत एक किलो लोखंड आहे. दहावा हिस्सा म्हणजे १०० ग्रॅम लाकूड. हवाबंद मुशीत लाकूड तापलं की त्यातला बराचसा भाग वाफ आणि वायू होऊन निघून जातो आणि मागे पाव हिश्शाच्या आसपास कोळसा उरतो, म्हणजे २५ ग्रॅम. त्यातला निव्वळ कार्बन धरू २० ग्रॅम. हजार ग्रॅम लोखंडात वीस ग्रॅम, म्हणजे दोन टक्के. लोखंडात अडकलेल्या मळीशी आणि मुशीतल्या थोड्याशा हवेशी झगडण्यात त्यातला काही भाग खर्ची पडतो. हाती उरतो तो दीड टक्क्याच्या जवळपास. आणि आज जुन्या तलवारींची तपासणी केली की त्यांतही दीड टक्क्याच्या आसपासच कार्बन सापडतो.

म्हणजे महत्त्वाचं होतं ते प्रमाण. एकदशांशापेक्षा लाकूड फार कमी झालं तर लोखंड पूर्ण वितळणार नाही. फार जास्त झालं तर तयार होईल ते बीड, जे कोणत्याही तावावर घडवता येत नाही. कार्बन नावाचं मूलद्रव्य त्या लोकांना माहीत नव्हतं, पण त्याचं माप त्यांच्या हातात अचूक बसलेलं होतं.

पोलाद वितळण्याचा आणखी एक मोठा फायदा. वितळलेल्या धातूवर मळी तरंगून वर येते. साध्या घडीव लोखंडात मळीचे धागे शेवटपर्यंत राहतात, आणि पात्याच्या धारेत असा धागा आला की तिथे कपचा उडतो. मुशीतल्या पोलादात ते राहत नाहीत, आणि कार्बनही सगळीकडे पोचलेला असतो. या पोलादाच्या धारेचं पहिलं कारण हे, ते मळीपासून मोकळं होतं.

चांगली लगड कशी ओळखायची?

मूस फोडली म्हणजे काम जमलं असं नाही. हीथ लिहितो की सरासरी पाचांतल्या चार लगडींमध्ये काही ना काही दोष असायचा. ओळखायची कशी? तर वरच्या पृष्ठभागावरून. उत्तम लगडीचा माथा सपाट असतो, त्यावर भोकं नसतात, आणि मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, जशा सूर्याच्या चित्रात किरण काढतात तशा. बिघडलेल्या लगडीचा माथा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा असतो, मध्येच लोखंडाचे उंचवटे बाहेर आलेले असतात.

याचा अर्थ आज आपण सांगू शकतो. रेघा म्हणजे धातू पूर्ण पातळ झाला होता आणि गोठताना त्याचे स्फटिक सलग वाढत गेले. भोकं आणि उंचवटे म्हणजे काही तुकडे अर्धेमुर्धे वितळले, वायू आतच अडकला. त्या काळच्या कारागिराला तापमापक नव्हता. मुशीचं झाकण उघडून पाहायची सोयही नव्हती. निकाल कळायचा तो मूस फोडल्यावरच.

आणि चांगली लगडसुद्धा लगेच घडवता येत नसे. ती पुन्हा कोळशाच्या आगीत, वितळण्याच्या जरा आधीच्या तावावर, कित्येक तास ठेवायची आणि भात्याच्या वाऱ्यासमोर उलटसुलट करायची. हीथच्या मते यानं जास्तीचा कार्बन निघून जातो. आजच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दिसली आहे. अशा तावण्यानं लगडीच्या बाहेर मऊ लोखंडाची एक साल तयार होते, आणि घणाचे पहिले घाव ती साल झेलते. ती नसेल तर लगडीला कडेनं तडे जातात.

कोनासमुद्रमचा व्यापारी

आता आपण सेलमहून उत्तरेला येऊ. तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. हा जिल्हा आपल्या नांदेडला लागूनच आहे. हेन्री व्हॉयसी हा भूशास्त्रज्ञ या गावात आला होता, आणि त्याचं टिपण त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापलं गेलं. इथली पद्धत सेलमपेक्षा वेगळी. इथे दोन ठिकाणचं लोखंड मिसळत, एक मिर्तपल्लीचं आणि एक कोंडापूरचं, तीनास दोन अशा प्रमाणात. आग अडीच तास नव्हे तर चोवीस तास चालायची. नंतर लगडीला माती लिंपून ती बारा-सोळा तास तावायची, थंड करायची, पुन्हा तावायची, आणि पोलाद घडवण्याजोगं मऊ होईपर्यंत हे तीन-चार वेळा करायचं. इथल्या मुशींच्या तुकड्यांचा पुढे अभ्यास झाला. त्यांच्या मातीत भाताचा तूस मिसळलेला आढळतो. तूस जळून मागे जे राहतं त्यामुळे मूस इतका दीर्घ ताव सहन करू शकत होती.

पण व्हॉयसीच्या टिपणातलं सगळ्यात बोलकं पात्र कारागीर नाही, गिऱ्हाईक आहे. इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी भट्टीपाशीच मुक्काम ठोकून होता. समोर वजन करून, पारखून माल घेत होता. त्यानं व्हॉयसीला सांगितलं की आमच्याकडे हे पोलाद बनवायचा प्रयत्न झाला पण जमला नाही. हा व्यापार काही तेव्हा नवा नव्हता. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निएनंही लिहून ठेवलं आहे की इराणात नक्षीदार पात्यांसाठी गोवळकोंड्याहून येणारं पोलादच वापरतात, दुसऱ्यावर ती नक्षी उमटत नाही.

इथे एक काळजी घेऊ. मुशीतलं पोलाद फक्त दक्षिण भारतातच होत होतं असं म्हणता येत नाही. आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्व या शहरात नवव्या-दहाव्या शतकातल्या अशा पोलादाच्या भट्ट्या सापडल्या आहेत, आणि श्रीलंकेतही ही विद्या होती. पण ताव्हर्निए आणि तो इस्फहानचा व्यापारी, दोघंही एकच गोष्ट सांगताहेत. त्यांच्या काळात, कोणतंही मुशीतलं पोलाद चालत नव्हतं. विशिष्ट भागातलंच लागत होतं. असं का, हे कोडं पुढे दीडशेहून अधिक वर्षं सुटलं नाही.

ऐरणीवर : जौहर कसा उमटतो

त्या लहरींच्या नक्षीला फारसीत आणि आपल्याकडेही 'जौहर' म्हणतात. एक गैरसमज आधी दूर करू. लोखंड आणि पोलादाचे थर एकावर एक ठेवून, घड्या घालून ठोकले तरी पात्यावर नक्षी येते, आणि आज बाजारात 'दमास्कस' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सुऱ्या तशाच असतात. तो वेगळा प्रकार. आपण बोलतोय त्या तलवारीत थर रचलेले नाहीत. एकच लगड आहे, आणि नक्षी तिच्या पोटातून येते.

कशी येते? मुशीतलं पोलाद सावकाश गोठतं तेव्हा त्यात झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात. लोखंड आधी फांद्यांत गोठतं, आणि जे काही मिसळलेलं असतं, कार्बन, फॉस्फरस आणि इतर अशुद्ध द्रव्यं, ते फांद्यांमधल्या शेवटच्या द्रवात ढकललं जातं. म्हणजे लगडीच्या आत जागोजागी असे कोपरे तयार होतात, जिथे हा माल जास्त साठलेला आहे. हेच कोपरे सगळ्यात कमी तावावर वितळतात. स्कॉटनं मुंबईहून लिहिलं होतं ना, 'काही भाग वितळून वाहू लागतो', तो हा भाग. पांढऱ्या तावावर लगड आतून पाझरते आणि घण पडताच फुटते. लोहाराचा हात चुकत नव्हता, त्याचा ताव चुकत होता.

इराणी किंवा आपल्याकडचा जाणता लोहार म्हणून कमी तावावर काम करायचा. लालभडक नव्हे, हलका लाल. थोडं ठोकायचं, थंड व्हायला द्यायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा थोडं ठोकायचं. गोल लगडीचं लांब पातं होईपर्यंत ही फेरी डझनावारी वेळा होते. आणि इथेच ती खरी गोष्ट घडते. पोलादात लोखंड आणि कार्बन मिळून एक अतिशय कठीण संयुग होतं, त्याला सिमेंटाइट म्हणतात. प्रत्येक वेळी पातं तापलं की सिमेंटाइटचे लहान कण विरघळतात, मोठे टिकतात. थंड झालं की कार्बन टिकलेल्या कणांवर परत येऊन बसतो. असं पुन्हा पुन्हा होताना कण काही विशिष्ट ओळींतच वाढत जातात, आणि घणाच्या घावांनी त्या ओळी पात्याला समांतर पसरत जातात.

शेवटी पातं घासून-पुसून हिराकशीसारख्या लोहक्षाराच्या पाण्यानं धुवायचं. मूळ पोलाद काळवंडतं, कठीण कणांच्या ओळी पांढऱ्या चमकत राहतात. हाच जौहर. काही पात्यांवर आडव्या पायऱ्यांसारखी नक्षी दिसते. त्यासाठी पात्यात आडव्या खाचा घेऊन ते पुन्हा ठोकून सपाट करत, म्हणजे आतल्या ओळी तिथे वाकून वर येत.

ताव चुकला तर काय होतं तेही पाहू. दीड टक्का कार्बनचं पोलाद सुमारे ९५० ते १००० अंशांपलीकडे नेलं तर सगळे कण विरघळून जातात. पातं फुटणार नाही कदाचित, पण थंड झाल्यावर जौहर गायब. म्हणजे एकच मोठा ताव तासन्‌तासाची मेहनत पुसून टाकतो.

त्या ओळी तिथेच का?

कण एका ओळीतच का वाढतात? अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लोरिडातला एक लोहार, आल्फ्रेड पेंड्रे, या दोघांनी वर्षानुवर्षं मिळून हे काम केलं. पेंड्रेनं मुशीत पोलाद केलं, तलवारी घडवल्या, आणि व्हरहोव्हन यांनी त्या कापून तपासल्या. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयातल्या काही खऱ्या जुन्या तलवारींचे तुकडे त्यांच्याकडे तुलनेला होते.

१९९८ साली त्यांनी जे मांडलं ते असं. फांद्यांमधल्या कोपऱ्यांत व्हॅनेडियमसारखी द्रव्यं साठतात, आणि त्यांच्या आसपास सिमेंटाइटचे कण वाढतात. किती लागतं ते? शेकडा ०.००४ भाग, म्हणजे एका किलो लोखंडात जवळजवळ चार शतांश ग्रॅम. चिमटीतही येणार नाही एवढं. पण तेवढं नसेल तर कितीही नीट घडवलं तरी नक्षी फिकी पडते किंवा उमटतच नाही.

आता ताव्हर्निए आणि इस्फहानच्या व्यापाऱ्याचं म्हणणं पुन्हा आठवा. नक्षी फक्त 'त्याच' पोलादावर येते. व्हॅनेडियम लाकडातून येत नव्हतं, मुशीतूनही नव्हे, ते मूळ खनिजातून येत होतं. लोखंड गाळणाऱ्याला याची कल्पना नव्हती, मुशीवाल्याला नव्हती, लोहारालाही नव्हती. ज्याच्या हातात अप्रत्यक्षपणे ही निवड होती, तो म्हणजे माल पारखून घेणारा व्यापारी. आपण घेतलेल्या लगडींवर जौहर उठतो की नाही, हे त्याच्या गिऱ्हाइकाकडून त्याला कळत होतं, आणि म्हणून तो पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावात येत होता.

मग ही विद्या गेली कशी?

आता युरोपकडे वळू. मायकेल फॅरडे आणि लंडनचा सुऱ्या बनवणारा जेम्स स्टोडार्ट यांनी १८१९ पासून या पोलादावर काम केलं. फॅरडेला वाटलं की रहस्य ॲल्युमिनामध्ये आहे. पॅरिसच्या टाकसाळीतले ब्रेआँ यांनी १८२० च्या दशकात शेकडो प्रयोग केले आणि नेमकं कार्बनचं आधिक्य व सावकाश थंड होणं ही दोन कारणं ओळखली. रशियात झ्लातोउस्तला अनोसोव यांनी १८४१ पर्यंत बरीच मजल मारली. म्हणजे मुशीची कडी युरोपला कळली. ऐरणीचीही काही प्रमाणात कळली. खनिजाची कडी मात्र कुणाला दिसलीच नाही, कारण तेवढं सूक्ष्म विश्लेषण करायची साधनंच तेव्हा नव्हती.

आणि इकडे साखळी तुटत होती. शेफील्डचं स्वस्त पोलाद बोटींनी येऊ लागलं. जंगलांवर सरकारचा ताबा आला, कोळसा महागला. तलवारीला मागणी आटली, कारण लढाया बंदुकांनी होऊ लागल्या होत्या आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर तर लोकांना परवान्याशिवाय हत्यारं बाळगता येईनाशी झाली. इराणी व्यापारी येईनासा झाला. व्हरहोव्हन यांनी आणखी एक शक्यता मांडली आहे : मूळ खाणीतलं खनिज संपलं किंवा बदललं, आणि एका पिढीतल्या लोहारांना जौहर उमटेनासा झाला. हा तर्क आहे, आणि सगळ्यांना तो मान्य नाही. पण त्यातली एक गोष्ट विचार करायला लावते. लोहार तेच, भट्टी तीच, कृती तीच, आणि तरी एके दिवशी नक्षी येत नाही. का, ते सांगायला कुणी नाही. वापरातल्या कृतीमागचं कारण माहीत नसेल, तर परिस्थिती बदलल्यावर ती दुरुस्त करता येत नाही. आणि जी कृती फळ देत नाही ती बाप मुलाला शिकवत नाही.

त्यामुळे 'भारतीयांनी गुपित लपवलं म्हणून ते गेलं', या म्हणण्यात तथ्य नाही. बुकानन, व्हॉयसी, हीथ या परक्या माणसांना सगळी कृती उघड पाहायला मिळाली होती, त्यांनी ती छापलीही. संपूर्ण गुपित कुणा एकाजवळ नव्हतंच.

धार खरी किती?

शेवटी, नेहमी विचारला जातो तो प्रश्न. हवेत फेकलेला रेशमी रुमाल ही तलवार कापायची का? ही कल्पना युरोपात लोकप्रिय झाली ती वॉल्टर स्कॉटच्या 'टॅलिस्मन' या १८२५ च्या कादंबरीमुळे. तो ऐतिहासिक पुरावा नाही. प्रत्यक्ष तपासणी सांगते की बऱ्याच जुन्या पात्यांना कडक पाणी दिलेलंच नव्हतं, ती ठोकून हवेतच थंड केलेली आहेत. त्यांचं मूळ पोलाद आजच्या चांगल्या सुरीपेक्षा मऊ आहे, त्यात कठीण कणांच्या ओळी आहेत. फॉस्फरस जास्त असल्यानं काही पाती थंडीत ठिसूळही असत.

मग कीर्ती खोटी का? नाही. तिची तुलना तिच्या काळाशी करायची. त्या काळी बहुतेक तलवारींत मळीचे धागे होते आणि कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असायचा. त्यांच्यासमोर हे पातं मळीशिवायचं, कार्बननं भरलेलं, आणि धारेत कठीण कण असलेलं. शिवाय जौहर ही खूण होती. नक्षी दिसतेय याचा अर्थ लगड पूर्ण वितळली होती, सावकाश गोठली होती, आणि लोहारानं एकदाही ताव चुकवला नाही. गिऱ्हाईक नक्षी पाहून पोलाद पारखत होतं, आणि ते बरोबर पारखत होतं.

जाता जाता आपल्या इतिहासातली एक नोंद. मराठ्यांच्या हातातली 'फिरंग' हे नावच सांगतं की तिचं सरळ पातं बहुधा युरोपातून आलेलं असे. म्हणजे ज्या काळात दख्खनचं पोलाद लगडींच्या रूपात इराणला जात होतं, त्याच काळात दख्खनच्या योद्ध्यांच्या कमरेला युरोपातली पाती होती. उत्तम पोलाद आपल्या शेजारी होत होतं, पण त्याचं पातं करणारा हात आणि त्याची किंमत देणारा बाजार दुसरीकडे होता. पुढच्या वेळी संग्रहालयात तलवार पाहाल तेव्हा काचेला नाक लावून पात्यावर लहरी दिसतात का ते बघा. दिसल्या, तर ते लोखंड बहुधा एका मातीच्या मुशीतून आलेलं आहे.

इथे थांबतो.